“पुन्हा आग लागेल का?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावे

“घराला आग लागून तीन आठवडे झाले. आम्ही सगळे सुखरूप बाहेर पडलो, पण सात वर्षांची मुलगी मला क्षणभर सोडत नाही. ती रात्री अंथरूण ओले करते आणि ‘आई, पुन्हा आग लागेल का?’ हे सारखे विचारत राहते. आम्ही दर वेळी ‘नाही लागणार’ म्हणतो, तरी तिचे समाधान होत नाही. तिच्यासमोर हा विषय काढावा की तिला विसरू द्यावे?”

विषय टाळू नये आणि मुद्दाम उकरूनही काढू नये. मूल विचारेल तेव्हा मात्र थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. असेच एक कुटुंब माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकीकत सांगते.

रात्री फ्रिजच्या सैल झालेल्या प्लगपाशी वायर तापून आग लागली होती. वडिलांनी मेन स्विच बंद केला, अकरा वर्षांच्या थोरल्याने बहिणीचा हात धरून तिला जिन्याने खाली नेले आणि अग्निशमन दलाचा बंब येईपर्यंत स्वयंपाकघर व बैठकीची खोली जळून गेली. कुटुंब मुलांच्या मामाकडे राहायला गेले. तिथे धाकटी रात्री उठून प्रत्येक बटण तपासू लागली, फोडणीचा वास आला तरी कान झाकून दाराकडे पळू लागली आणि आई अंघोळीला गेली की दाराबाहेर बसून रडू लागली. ‘पुन्हा आग लागेल का?’ हे तीही सारखे विचारत असे. बाहुल्यांना घराबाहेर काढण्याचा एकच खेळ ती रोज खेळत असे. आजीला तो अशुभ वाटे आणि ती बाहुल्या उचलून ठेवी.

एवढी भीती पहिल्या काही आठवड्यांत दिसणे अपेक्षितच असते. अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, पुन्हा बोबडे बोलणे ही मुलाच्या मनाची माघार असते. त्यासाठी रागावले किंवा चारचौघांत लाजवले की ती लांबते. खेळ मी थांबवू दिला नाही. ज्या गोष्टीसाठी शब्द सापडत नाहीत ती मुले खेळातून मांडतात. पाहायचे एवढेच, की खेळ हळूहळू बदलतो का आणि तो संपल्यावर मूल शांत होते का. तोच खेळ जशाच्या तसा आठवडेच्या आठवडे चालू राहिला आणि दर वेळी मूल अधिकच घाबरे झाले, तर काळजी घ्यावी.

मी धाकटीला आगीबद्दल काहीही न विचारता कागद आणि खडू दिले. तिने घर काढले, त्यात देवघर काढले आणि देवघरात एक मोठी उदबत्ती काढली. “ही कुणी लावली?” असे मी विचारले, तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प राहून म्हणाली, “मी. आई नको म्हणाली होती.” त्या संध्याकाळी तिने आईला न सांगता उदबत्ती लावली होती आणि आग आपल्यामुळेच लागली असे ती तेव्हापासून मनात धरून बसली होती. या वयाची मुले घडलेल्या अनर्थाचे कारण फार चटकन स्वतःशी जोडतात आणि ते कुणाला सांगत नाहीत. तिच्या प्रश्नाचा खरा अर्थ ‘मी पुन्हा काही करून बसेन का?’ असा होता, म्हणून ‘नाही लागणार’ हे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. वडिलांनी तिला जवळ घेऊन वायर कुठे आणि कशी तापली ते चित्र काढून दाखवले, उदबत्ती कधीच विझली होती हे सांगितले आणि “ही चूक तुझी नव्हती, आमच्या कुणाचीच नव्हती” असे तिला स्पष्ट शब्दांत ऐकवले. हे एकदा सांगून भागत नाही. तिला ते पुढेही काही वेळा ऐकावे लागले.

यानंतर उत्तराकडे वळलो. ‘आता कधीच लागणार नाही’ हे वचन कुणी देऊ शकत नाही आणि सात वर्षांच्या मुलालाही त्यातले पोकळपण कळते. आम्ही सगळ्या मोठ्यांसाठी एकच उत्तर ठरवले: “घरांना आग क्वचितच लागते. आपण नवीन वायरिंग करून घेत आहोत. काही झालेच तर आम्ही तुला घेऊन बाहेर पडू, जसे त्या रात्री पडलो.” मामा, आजी, आई सगळ्यांनी हेच म्हणायचे, शांत आवाजात, दर वेळी नवी माहिती न जोडता. वेगवेगळी उत्तरे मिळाली की मूल अधिक विचारते. दिवसात पुन्हा प्रश्न आला तर “तुला उत्तर माहीत आहे, सांग बरे” असे म्हणून तिलाच ते बोलायला लावायचे, कारण मोठ्यांनी दर वेळी धीर देत राहिले की काही क्षण बरे वाटते आणि विचारण्याची गरज मात्र वाढत जाते.

बटणे तपासण्याचेही असेच होते. ती सवय एकदम बंद करण्याऐवजी आम्ही तिला जागा नेमून दिली. जेवण, दात घासणे, मग वडिलांबरोबर घरभर एक फेरी, ज्यात गॅसचा रेग्युलेटर आणि चार्जर ती स्वतः पाहील, मग गोष्ट, मग मंद दिवा आणि झोप. क्रम रोज तोच आणि फेरी एकदाच. नंतर ती उठली तर “फेरी झाली आहे” एवढेच सांगून तिला अंथरुणात परत न्यायचे. दुसऱ्याच्या घरात राहताना वस्तू आपल्या नसतात, पण दिवसाचा क्रम आपला ठेवता येतो आणि मुलाला आधार त्याचाच वाटतो. आईने न सांगता निसटून जाऊ नये हेही ठरले. “मी अंघोळीला जाते, गाणे संपेपर्यंत येते” असे सांगून तिने खरोखर तेवढ्यातच परत यायचे आणि मग ही वेळ थोडी थोडी वाढवायची. शाळा लगेच सुरू केली. वर्गशिक्षिकेला आधी कल्पना दिली आणि मुलांनी वर्गात तिला खोदून विचारू नये, एवढे त्यांना पाहायला सांगितले.

थोरल्याकडे मात्र कुणाचेच लक्ष नव्हते. येणारा प्रत्येक पाहुणा त्याला “शूर” म्हणे, त्यामुळे त्याला घाबरायची सोयच उरली नव्हती. सकाळी पोट दुखणे, बहिणीवर खेकसणे, गृहपाठात मन न लागणे असे त्याचे चालले होते. “मलाही त्या रात्री फार भीती वाटली होती” हे वडिलांनी त्याला एकट्याला सांगितले, तेव्हा तो आगीनंतर प्रथमच रडला. बहिणीला सांभाळण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले आणि संध्याकाळचे क्रिकेट पुन्हा सुरू करून दिले.

काही आठवड्यांत दोघांची झोप सुधारली. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. नव्या घरात जाताना किंवा धुराचा वास आल्यावर काही दिवस जुने सगळे परतू शकते. पण महिना उलटून गेल्यावरही वाईट स्वप्ने, प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर घडल्यासारखे वाटणे, शाळा किंवा जेवण टाळणे कमी होत नसेल, तर मुलांसोबत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे; आघातानंतरच्या त्रासावर मुलांसाठी परिणामकारक उपचार आहेत. मूल मरणाची भाषा करू लागले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर महिना पूर्ण होण्याची वाट पाहू नये. शासनाच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

त्या वर्षीच्या दिवाळीत आईने मुलीला आधी विचारले. मुलीने अंगणातल्या पणत्या दुरून पाहायचे आणि देवघरात विजेचा दिवा लावायचे ठरवले, आणि तिचा तो निर्णय घरातल्या सगळ्यांनी पाळला.