आजीचं "मेल्या" आणि खरा राग

प्रश्न: आमच्या घरी आजी नातवाला सारखं "मेल्या", "तंगडं मोडीन" म्हणते, मुलाला ते प्रेमाने आहे हे कसं कळतं?

मुलं शब्दाआधी हात बघतात. माझी आजी कोकणातली, मी पेरूच्या झाडावरून पडलो तेव्हा "मेल्या, परत चढलास तर तंगडं मोडून हातात देईन" असं ओरडत होती आणि त्याच वेळी माझ्या गुडघ्यावर हळद दाबत होती, मग त्या तंगड्याची भीती कशी वाटणार? "मेल्या" म्हणजे खरं तर मेलेला, पण हाक मारताना ती ते लांबवायची, मेऽल्या, आणि शेवटी आवाज खाली यायचा.

दुसरी खूण म्हणजे तो "तर". "उन्हात गेलास तर", "उपाशी झोपलास तर", धमकीच्या पहिल्या अर्ध्या भागात काळजी उघडी पडलेली असते, आणि नंतरचं तंगडं कधीच मोडलं जात नाही हे मूल दहा वेळा तपासून बघतं, मुद्दाम परत चढून.

खरा राग आला की शिव्या बंद व्हायच्या. पूर्ण नाव, सपाट आवाज, किंवा "या, आलात का आपण?" असं अहोजाहो. तेव्हा आम्ही गुपचूप पाटावर बसायचो.

पण तेच शब्द पाहुण्यांसमोर किंवा मार्कांवरून, रंगावरून आले तर मूल ते प्रेम म्हणून वाचत नाही, हसतं पण डोळे खाली जातात. तसं दिसलं तर आजीला बाजूला घेऊन सांगा, नुसतं "मेल्या" असेल तर राहू दे.