'चेहरा बसवणे' आणि 'चेहरा भरून काढणे'

प्रश्न: फोटोतला चेहरा बदलण्याच्या तंत्रांवरच्या लेखात आम्ही लँडमार्क वॉर्पिंग आणि डिफ्यूजन इनपेंटिंग या दोन्हींसाठी 'चेहरा बसवणे' असं लिहिलंय. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का? आणि इथल्या डिफ्यूजनला 'विसरण' म्हणावं का?

उत्तर: वॉर्पिंगला 'बसवणे' अगदी चपखल आहे, इनपेंटिंगला नाही. नव्या चेहऱ्यातला एकेक ठिपका कुठून येतो, यावरून हे ठरतं. वॉर्पिंगमध्ये तो पहिल्या फोटोतून उचललेला असतो. इनपेंटिंगमध्ये पहिल्या फोटोतला एकही ठिपका दुसऱ्या फोटोत जात नाही.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या फोटोतली व्यक्ती थेट कॅमेऱ्याकडे बघतेय, दात दिसतील असं हसतेय, प्रकाश डावीकडून आहे आणि गालावर एक तीळ आहे. तिचा चेहरा आपल्याला दुसऱ्या फोटोत हवाय. तिथली व्यक्ती मान थोडी वळवून उभी आहे, ओठ मिटलेले आहेत, प्रकाश उजवीकडून आहे आणि केसांची एक बट गालावर आलीय.

वॉर्पिंगवाला आधी दोन्ही चेहऱ्यांवर खुणेचे बिंदू शोधतो. ६८ बिंदूंची मांडणी बरीच रूढ आहे: जबड्याची कड, भुवया, नाक, डोळे, ओठ. हे बिंदू जोडून चेहऱ्यावर त्रिकोणांची जाळी तयार होते. मग पहिल्या फोटोतला प्रत्येक त्रिकोण ताणून, दाबून, तिरका करून दुसऱ्या फोटोतल्या त्याच्या जोडीदार त्रिकोणावर बसवला जातो. तीन कोपरे कुठे जातात हे कळलं की आतला प्रत्येक ठिपका कुठे जाईल हे गणिताने पक्कं ठरतं, त्यात अंदाजाला जागा नसते. शेवटी कडा दिसू नये म्हणून रंग जुळवतात. त्यासाठी २००३ साली पेरेझ, गांग्ने आणि ब्लेक यांनी मांडलेली प्वासाँ पद्धत अजूनही वापरतात; ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत ती `seamlessClone` या नावाने आहे.

आता आपल्या उदाहरणात काय होतं? तीळ येतो, आणि तोच तीळ येतो. पण हसऱ्या तोंडातले दात मिटलेल्या ओठांमध्ये मावत नाहीत, त्यामुळे तिथले त्रिकोण चपटे होऊन दात नाहीसे होतात आणि ओठ मात्र हसताना पसरलेले होते त्या पोताचेच राहतात. उलट प्रकार असता, म्हणजे मिटलेले ओठ हसऱ्या चेहऱ्यावर न्यायचे असते, तर दात आणायचे कुठून, हा प्रश्न सुटलाच नसता. वळलेल्या बाजूचा गाल दाबला जातो. नाकाची सावली जुन्याच बाजूला राहते, कारण प्वासाँ पद्धत कडेचा रंग जुळवते, प्रकाशाची दिशा ओळखत नाही. गालावरची बट त्रिकोणाखाली झाकली जाते, आणि कडेवर केस आले असतील तर त्यांचा काळेपणा आतल्या त्वचेत पसरून डाग दिसतो. हे ६८ बिंदू भुवयांपाशी संपतात, म्हणून कपाळ दुसऱ्याच व्यक्तीचं उरतं. जुन्या पद्धतीने बदललेला चेहरा ओळखायचा तर भुवयांच्या वरची त्वचा आणि खालची त्वचा ताडून पाहावी, बऱ्याचदा तेवढं पुरतं.

इनपेंटिंगमध्ये दुसऱ्या फोटोतल्या चेहऱ्याची जागा मास्कने आखतात. (इथे 'मुखवटा' लिहू नका. चेहऱ्याच्याच विषयात वाचकाला खराखुरा मुखवटा वाटेल.) त्या जागी निव्वळ गोंगाट भरतात, म्हणजे टीव्हीला सिग्नल नसताना दिसायच्या तसल्या मुंग्या. मॉडेल हा गोंगाट टप्प्याटप्प्याने कमी करत जातं, आणि दर टप्प्याला मास्कबाहेरचं चित्र त्याच्यासमोर असतं. प्रकाश उजवीकडून आहे, मान वळलेली आहे, हे त्याला भोवतालातून कळतं, म्हणून सावली योग्य बाजूला पडते. मास्क बटेला वगळून आखला तर बटही जागेवर राहते. पहिली व्यक्ती कोण, हे बहुधा ओळख सांगणाऱ्या आकड्यांच्या ओळीतून पोचतं. आर्कफेससारखं मॉडेल चेहऱ्याचे असे ५१२ आकडे काढतं. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची ठेवण अशा गोष्टींचा ठसा त्यात उतरतो, पण ही मॉडेल प्रकाश आणि हावभाव बदलले तरी माणूस ओळखता यावा यासाठी शिकवलेली असतात. बारीकसारीक खुणा त्यात गळू शकतात. म्हणून आपला तीळ एक तर येत नाही, किंवा भलत्याच जागी उमटतो.

याची एक साधी चाचणी आहे. सगळं तसंच ठेवून फक्त सीड, म्हणजे सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा, बदला आणि पुन्हा चालवा. तीळ हलला, कानाची पाळी बदलली, दातांची रांग वेगळी आली, तर तो भाग मॉडेलने रचलेला आहे. वॉर्पिंग कितीही वेळा चालवलं तरी तेच चित्र मिळतं.

लहान चेहऱ्यांवर इनपेंटिंग का फसतं, हेही लेखात यायला हवं. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ५१२ × ५१२ चं चित्र आतून ६४ × ६४ च्या चौकटीत आकसून घेतलं जातं. म्हणजे ८० ठिपके रुंदीचा चेहरा आत फक्त १० घरांचा उरतो, आणि डोळ्याच्या वाट्याला जेमतेम दोन घरं. डोळे वितळल्यासारखे दिसतात ते यामुळे. उपाय म्हणजे चेहऱ्याभोवतीचा भाग कापून मोठा करायचा, त्यावर काम करायचं आणि पुन्हा लहान करून जागी ठेवायचा.

'विसरण'बद्दल मला जास्त काळजी वाटते. विज्ञानाच्या पुस्तकांत डिफ्यूजनला विसरण म्हणतात, तो शब्द चांगलाच आहे. पण इनपेंटिंगच्या बाबतीत तो आधीच दुसऱ्या कामात गुंतलाय. २००० साली बेर्टाल्मिओ आणि सहकाऱ्यांनी जुन्या चित्रांची दुरुस्ती करणाऱ्यांकडचा इनपेंटिंग हा शब्द संगणकाच्या जगात रुळवला. त्या घराण्यातल्या पद्धतींत कडेचे रंग आणि रेषा हळूहळू आत पसरवून भोक बुजवतात. ते शब्दशः विसरण आहे, आणि ओरखडे बुजवायला ते उत्तम चालतं, पण अख्खा चेहरा त्यातून कधीच उगवणार नाही. आजच्या डिफ्यूजन मॉडेलमध्ये कडेचा रंग आत पसरत नाही, तर गोंगाट मिसळण्याची प्रक्रिया उलटी चालवली जाते. 'विसरणाधारित इनपेंटिंग' लिहिलंत तर जाणकार वाचक २००० सालची पद्धत समजेल. त्यामुळे 'डिफ्यूजन मॉडेल' असंच ठेवा, आणि क्रियापद 'भरून काढणे' किंवा 'नव्याने रचणे' घ्या.

एक अडचण उरते. बरेच जण आधी वॉर्पिंगने चेहरा बसवतात आणि मग त्यावर हलकं इनपेंटिंग फिरवतात. `strength`, म्हणजे चित्रात किती गोंगाट मिसळून तो पुन्हा काढायचा याचं प्रमाण, ०.३ ठेवलं तर ५० पैकी शेवटचे १५ टप्पेच चालतात. ठेवण पहिल्या फोटोची राहते, कडा आणि पोत नवे होतात. तिथे 'बसवून वरून रचलेला' असं दोन्ही क्रियापदांनी लिहावं. आणि ०.८ च्या आसपास गेलात तर बसवलेलं फारसं काही उरत नाही, तेव्हा फक्त 'रचलेला' लिहा.