ओळखलं का मावशी?

"चुलतभावाच्या नावाने रात्री अकराला मेसेज आला, 'अडकलोय, लगेच वीस हजार पाठव, घरी कुणाला सांगू नकोस.' मी पाठवले नाहीत, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खरंच तोच असता तर? माणूस खरा अडचणीत आहे की कुणी आपल्या मायेचा फायदा घेतंय, हे त्या क्षणी ओळखायचं कसं?"

माझ्याकडे आलेल्या एका मावशींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण घडलं ते असंच. त्या निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. पैशांचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, तोही डोळे खाली घालून. पुण्यात राहणाऱ्या भाच्याच्या नावाने मेसेज आला होता आणि त्यांनी पंचवीस हजार पाठवले होते. नातेवाइकांपैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. "मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, आणि मलाच कळू नये?" एवढं बोलून त्या गप्प झाल्या.

त्यांनी ते मेसेज पुसले नव्हते. मी म्हटलं, आपण दोघी मिळून ते वाचू या. मी दोन पेनं काढली, निळं आणि लाल. ज्या वाक्यात नवी माहिती आहे त्याखाली निळी रेघ ओढायची. जे वाक्य तुम्हाला काहीतरी करायला लावतंय, किंवा काही करण्यापासून थांबवतंय, त्याखाली लाल. त्यांनी मेसेज वहीत उतरवून काढले, शिक्षिकेच्या सुबक अक्षरात, आणि रेघा मारायला बसल्या.

पहिला मेसेज होता, "मावशी, ओळखलं का? फोन पाण्यात पडला, हा मित्राचा नंबर." त्याखाली मावशींचं उत्तर, "बंटी का रे?" आणि मग समोरून, "हो मावशी, बंटीच." मावशींचं पेन तिथेच थांबलं. नाव समोरच्याने सांगितलंच नव्हतं, त्यांनीच त्याच्या हातात दिलं होतं. पुढेही तसंच. "गाडीवरून पडलास का?" हा प्रश्न त्यांचा, "हो, मित्राला जास्त लागलंय" हे उत्तर त्याचं. "कुठल्या दवाखान्यात आहात, तुझ्या घराजवळच्या का?" "हो, तिथेच." एकतीस मेसेजमध्ये निळ्या रेघा चार, आणि त्यातली एक रक्कम, दुसरी यूपीआय नंबर. बाकी सगळी गोष्ट मावशींनीच काळजीपोटी रचून दिली होती. जीव लावणारा माणूस असाच प्रश्न विचारतो, उत्तर आत घालून. म्हणून यात अक्कल कमी पडली असं मी अजिबात मानत नाही.

आता लाल रेघा. "आईला सांगू नकोस, तिचं बीपी वाढेल." "डॉक्टर पैसे भरल्याशिवाय हात लावत नाहीत, दहा मिनिटं आहेत." "फोन करू नकोस, इथे बोलता येत नाही." ही तीन वाक्यं एकत्र ठेवून बघा. पहिल्याने दुसऱ्या माणसाशी बोलायची वाट बंद होते, दुसऱ्याने विचार करायला वेळ उरत नाही, तिसऱ्याने खात्री करायचं साधन जातं. खऱ्या अडचणीत यातलं एखादं वाक्य येऊ शकतं. तरुण मुलगा घाबरून "आईला सांगू नको" म्हणतोच. पण पैसे हवेत, लगेच हवेत, कुणाला कळायला नको आणि आवाजही ऐकायचा नाही, हे सगळं एकत्र आलं की मी तिथे थांबा म्हणते.

मात्र मावशींना ज्याने खेचलं ते वाक्य वेगळंच होतं. त्यांनी लिहिलं, "थांब, ताईला विचारते." दोन मिनिटं काहीच नाही. मग आलं, "राहू दे मावशी. तुम्हाला त्रास नको. माझंच चुकलं, कुणाकडे मागायला नको होतं." मावशी म्हणाल्या, "हे वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं." पुढच्या मिनिटाला पैसे गेले. मागणी मागे घेतल्यासारखं दाखवायचं आणि नात्यावरच बोट ठेवायचं, हा दबाव ओळखायला सगळ्यात अवघड, कारण त्यात जबरदस्ती कुठे दिसतच नाही. तुमचीही झोप उडाली ती याच भीतीने, की मी माझ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं.

त्याच वाक्यात "तुम्हाला" आहे. बंटी मावशींना जन्मापासून "अगं मावशी, तू" म्हणतो. त्यांना ते तेव्हाच खटकलं होतं. पैसे पाठवताना पडद्यावर भलतंच नाव आलं, तेही खटकलं होतं. पण "घाबरलाय म्हणून असं लिहितोय", "मित्राचं खातं असेल", अशी समजूत त्यांनी स्वतःच घातली. मी सगळ्यांना सांगते, आपणच समोरच्याच्या बाजूने खुलासे द्यायला लागलो की फोन खाली ठेवायचा.

आणि मग खात्री करायची, ती मेसेजमध्ये नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर साधा फोन लावायचा. मेसेज त्याच्या नेहमीच्या नंबरवरून आला असला तरी फोन लावायचाच, कारण व्हॉट्सअॅप खातं दुसऱ्याच्या हाती गेलेलं असू शकतं. नाही उचलला तर त्याची बायको, खोलीतला मित्र, शेजारी, जो सापडेल तो. आता आवाजाचीही नक्कल होते, म्हणून समोरून फोन आला तरी तो ठेवून आपण पुन्हा लावायचा. विचारायचंच झालं तर नाव आत न घालता विचारायचं, "कोण बोलतंय? मला काय म्हणतोस तू?" दवाखान्याचं नाव सांगितलं तर त्या दवाखान्याचा नंबर आपण शोधून विचारायचं. यात पाच-दहा मिनिटं जातात. तेवढी मिनिटं खरा भाचा रागावेल, पण समजून घेईल. तुम्ही पैसे न पाठवण्यात काहीच चुकलं नाही. फक्त त्याच रात्री भावाला फोन लावला असता तर झोप लागली असती. मेसेज ज्या नंबरवरून आला तो, सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर संशयास्पद मेसेज कळवण्यासाठी असलेल्या चक्षु सुविधेवर कळवून ठेवा.

मावशींचे पैसे परत आले नाहीत. गेल्या गेल्या सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक दिला असता, तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता होती. हे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार लवकर फिरतात, आणि मावशींनी शरमेपोटी तीन आठवडे घालवले. cybercrime.gov.in वर तक्रार आम्ही नंतर केली, त्यांच्या वहीतली मेसेजची पानं आणि फोनमधले स्क्रीनशॉट समोर ठेवून.

चौथ्या भेटीला त्यांनी बंटीला सोबत आणलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. वहीतली ती पानं वाचताना तो "राहू दे मावशी" पाशी थांबला आणि म्हणाला, "मी असं कधी म्हणेन का गं? मी तर तुझ्या डोक्यावर बसून पैसे नेले असते." मावशी बऱ्याच दिवसांनी हसल्या. दोघांनी तिथेच ठरवलं, पैशांची गोष्ट निघाली की मावशी फोन ठेवणार आणि जुन्या नंबरवर पुन्हा लावणार, आणि बंटीने त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. दिवाळीच्या आधी त्याला खरंच पाच हजार लागले. मावशींनी "ठेव" म्हणून फोन कट केला, पुन्हा लावला, आणि मगच पाठवले.