मोकळ्या जागेत अडवायला काही नसताना ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल जास्त का घटतो?

प्रश्न: फ्री-स्पेस पाथ लॉस अंतर आणि फ्रिक्वेन्सी वाढल्यावर नेमका किती वाढतो? मध्ये भिंत नाही, झाड नाही, तरी जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लवकर का विरतो? एखादं सोपं आकड्यांचं उदाहरण दिलंत तर बरं होईल.

अंतर दुप्पट केलं की लॉस ६ डेसिबलने वाढतो आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट केली तरी ६ डेसिबलनेच. दहापट केल्यास दोन्हीकडे २० डेसिबल. पण ही वाढ सारखी दिसली तरी तिची कारणं वेगळी आहेत. अंतराचा लॉस खरोखरच जागेत होतो. फ्रिक्वेन्सीचा लॉस जागेत होतच नाही, तो रिसीव्हरच्या अँटेनापाशी होतो. सूत्रात दोन्ही एकत्र बसवल्यामुळे हा घोळ होतो, म्हणून आधी सूत्र बाजूला ठेवून हिशोब करू.

समजा ट्रान्समीटर १०० मिलिवॅट सोडतोय, फ्रिक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झ, आणि दोन्ही बाजूंना आयसोट्रॉपिक अँटेना, म्हणजे सगळ्या दिशांना सारखंच काम करणारा, कागदावरचा अँटेना. रिसीव्हर १०० मीटरवर आहे. तिथपर्यंत पोचेतो ती शक्ती १०० मीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरलेली असते. त्याचं क्षेत्रफळ ४π × १००², म्हणजे सुमारे १,२५,६६४ चौरस मीटर. १०० मिलिवॅटला त्याने भागलं की दर चौरस मीटरला साधारण ०.८ मायक्रोवॅट येतात. आतापर्यंतच्या हिशोबात फ्रिक्वेन्सी कुठेही आलेली नाही, हे लक्षात घ्या. २.४ असो की ५.८, त्या जागी हवेत असलेली शक्ती तेवढीच.

आता अँटेना यातली किती उचलतो ते पाहू. आयसोट्रॉपिक अँटेनाचं प्रभावी क्षेत्रफळ λ²/४π असतं, इथे λ म्हणजे तरंगलांबी. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर, म्हणून हे क्षेत्रफळ १२.४ चौरस सेंटिमीटर. ०.८ मायक्रोवॅटला या क्षेत्रफळाने (चौरस मीटरमध्ये ०.००१२४) गुणलं की हाती येतो जवळपास १ नॅनोवॅट. १०० मिलिवॅट सोडले आणि १ नॅनोवॅट मिळाला, म्हणजे दहा कोटी पट घट. तोच ८० डेसिबल पाथ लॉस.

रिसीव्हर २०० मीटरवर नेला तर गोलाचं क्षेत्रफळ चौपट होतं, हाती पाव नॅनोवॅट येतो, लॉस ८६. एक किलोमीटरवर १०० डेसिबल.

आता पुन्हा १०० मीटरवर या आणि फ्रिक्वेन्सी ५.८ गिगाहर्ट्झ करा. हवेत तेच ०.८ मायक्रोवॅट. मात्र तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटरवर आली, आणि प्रभावी क्षेत्रफळ १२.४ वरून २.१ चौरस सेंटिमीटरवर. मिळालेली शक्ती ०.१७ नॅनोवॅट, लॉस ८७.७ डेसिबल. म्हणजे ७.७ डेसिबल जास्त, आणि तो सगळा फरक अँटेना लहान झाल्याचा आहे. खऱ्या अँटेनातही हे डोळ्यांना दिसतं: अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल २.४ ला सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास असतो, ५.८ ला अडीच-पावणेतीन.

हेच सगळं एका ओळीत असं लिहितात. अंतर किलोमीटरमध्ये, फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये:

```
FSPL(dB) = 20 log10(d) + 20 log10(f) + 32.44

d = 0.1, f = 2400:  -20 + 67.6 + 32.44 = 80.0
d = 0.1, f = 5800:  -20 + 75.3 + 32.44 = 87.7
```

इथे हमखास होणारी चूक एककांची. ०.१ च्या जागी १०० टाकले तर उत्तर १४० येतं, बरोबर ६० डेसिबल जास्त. शंभर मीटरला १४० दिसले की आधी एककं तपासा. मीटरमध्येच काम करायचं असेल तर ३२.४४ च्या जागी -२७.५५ घ्या.

अंतराबद्दल मला स्वतःला जास्त रंजक वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. २.४ गिगाहर्ट्झला पहिल्या एका मीटरमध्येच ४० डेसिबल जातात आणि पुढच्या ९९ मीटरमध्ये मिळून आणखी ४०. म्हणून 'दर मीटरला इतके डेसिबल' हा प्रश्न मोकळ्या जागेसाठी निरर्थक आहे. केबलमध्ये तो चालतो, कारण तिथे शक्ती खरोखर उष्णतेत जाते आणि दर मीटरला ठरावीक डेसिबल कमी होतात. इथे काहीच नष्ट होत नाही, फक्त पसरतं. ६० गिगाहर्ट्झला मात्र हवेतला ऑक्सिजन खरंच शक्ती शोषतो, पण तो हिशोब या सूत्रात नाही, वेगळा मिळवावा लागतो.

आता 'जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे कमी पल्ला' हा सरसकट निष्कर्ष कुठे फसतो ते पाहू. दोन्ही टोकांना ६० सेंटिमीटर व्यासाच्या डिश लावा, अंतर ५ किलोमीटर, समोर सगळं मोकळं. पाथ लॉस २.४ ला ११४ डेसिबल, ५.८ ला १२१.७. पण आता अँटेना तरंगलांबीबरोबर आखडत नाही, डिश आहे तेवढीच राहते. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर तिचा गेन, म्हणजे आयसोट्रॉपिक अँटेनाच्या तुलनेत रोखलेल्या दिशेला मिळणारी वाढ, २.४ ला २१ डीबीआय आणि ५.८ ला २८.६. दोन्ही टोकांचे गेन मिळवले तर २.४ वर निव्वळ घट ७२ डेसिबल उरते आणि ५.८ वर ६४.५. म्हणजे पाथ लॉस जास्त असूनही ५.८ चं पारडं साडेसात डेसिबलने जड. किंमत एवढीच की बीम अरुंद होतो आणि डिश नेमकी रोखावी लागते.

सूत्राच्या मर्यादाही पाहा. अगदी जवळ ते चालत नाही. २.४ ला एक सेंटिमीटरच्या आत अंतर टाकलं तर लॉस ऋण येतो, म्हणजे सोडल्यापेक्षा जास्त शक्ती मिळाल्यासारखं. वरच्या डिशसाठी तर २D²/λ या नेहमीच्या नियमाने, जिथे D म्हणजे डिशचा व्यास, २.४ ला सुमारे ६ मीटर आणि ५.८ ला १४ मीटर पलीकडे गेल्यावरच आकड्यांवर भरवसा ठेवावा.

दूरवर वेगळी अडचण येते. अँटेना एकमेकांना दिसतात म्हणजे जागा 'मोकळी' झाली असं नाही. त्या ५ किलोमीटरच्या मधोमध २.४ गिगाहर्ट्झच्या पहिल्या फ्रेनेल झोनची, म्हणजे सरळ रेषेभोवतीच्या ज्या भागातून सिग्नलची बहुतेक शक्ती जाते त्याची, त्रिज्या १२.५ मीटर असते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे सरळ रेषेभोवती साडेसात मीटर, रिकामा लागतो. जमिनीवरून परावर्तित झालेला सिग्नलही येऊन मिसळतो. अँटेनांच्या उंचीच्या मानाने अंतर खूप वाढलं की त्यामुळे घट दुपटीला ६ ऐवजी १२ डेसिबलच्या दराने होऊ लागते.

तुमची जागा सूत्रात बसते का हे मोजून कळतं. एका अंतरावर सिग्नल मोजा, दुप्पट अंतरावर पुन्हा मोजा. प्रत्येक ठिकाणी अँटेना थोडा इकडेतिकडे हलवून सरासरी घ्या, नाहीतर परावर्तनामुळे एखादा आकडा भलताच येईल. फरक ६ च्या आसपास असेल तर हिशोब लागू आहे. ९-१० किंवा त्याहून जास्त असेल, तर तिथला लॉस फ्री-स्पेसच्या सूत्राने काढू नका.