कॉफीतील अ‍ॅक्रिलामाइड: भाजणी आणि चिकोरी

प्रश्न: कॉफीत अ‍ॅक्रिलामाइड हे घातक मानले जाणारे रसायन असते म्हणे. काळजी करावी का, आणि गडद भाजलेल्या कॉफीत ते जास्त असते का?

दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्याने काळजी करण्याचे कारण नाही, आणि गडद भाजणीत ते उलट कमी असते. बियांतील अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून ते भाजणीच्या सुरुवातीलाच तयार होते. बी फिकट तपकिरी असताना प्रमाण सर्वाधिक असते आणि पुढे उष्णतेने बरेचसे नष्ट होते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी ठरवली. त्या हिशेबाने १० ग्रॅम पुडीच्या कपात फार तर ४ मायक्रोग्रॅम उतरतात. हा पदार्थ पाण्यात सहज विरघळत असल्याने कागदी गाळणीने तो अडत नाही. कपातले प्रमाण मुख्यतः पुडीच्या वजनावर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅक्रिलामाइडला ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हटले आहे, ते मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांवरून. कॉफीपानाला मात्र २०१६ मध्ये तिने कर्करोगकारक ठरवले नाही. आपल्याकडे एक गोष्ट जरूर पाहावी, ती म्हणजे कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरी या भाजलेल्या मुळाचे पाकिटावर दिलेले प्रमाण, कारण निव्वळ चिकोरीसाठी तीच युरोपीय पातळी ४,००० आहे, म्हणजे कॉफीच्या दहापट.