बॉन्ड तीन वर्षांचा, मग बुडण्याची शक्यता किती?

सर, सोयाबीन विकून आलेले थोडे पैसे एका कंपनीच्या तीन वर्षांच्या बॉन्डमध्ये घालायचा विचार आहे. रेटिंग बीबीबी. दलाल म्हणतो, या रेटिंगच्या शंभरातल्या दोन कंपन्या वर्षाला बुडतात. म्हणजे तीन वर्षांत सहा टक्के, असंच ना? — निवृत्त शिक्षक, लातूर

नाही, सहापेक्षा जास्त. तीन वर्षं कंपनी बीबीबीवरच बसून राहील, असं तुमच्या गुणाकारात गृहीत धरलंय. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी ती खाली घसरू शकते, आणि घसरलेली कंपनी पुढच्या वर्षी पैसे थकवण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. हे घसरणं-चढणं ज्या तक्त्यात मांडतात त्याला ट्रान्झिशन मॅट्रिक्स म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला एका रेटिंगवर असलेल्या कंपन्या वर्षअखेरीला कुठे पोचल्या, ते त्यात टक्क्यांनी दिलेलं असतं.

खालचे आकडे कुठल्याही एजन्सीचे नाहीत. हिशेब हाताने करता यावा म्हणून मी गोल आकडे घेतलेत, रेटिंगंही चारच ठेवलीत, ए सर्वांत वरचं.

| आज ↓ / वर्षानंतर → | ए | बीबीबी | बीबी | डी |
|---|---|---|---|---|
| ए | ९१ | ८ | १ | ० |
| बीबीबी | ५ | ८५ | ८ | २ |
| बीबी | ० | ६ | ८४ | १० |
| डी | ० | ० | ० | १०० |

डी म्हणजे पैसे थकवले. आता तुमच्या बॉन्डसारख्या शंभर बीबीबी कंपन्या घ्या. दुसरी ओळ वाचली की पहिल्या वर्षाचं चित्र मिळतं: ५ कंपन्या एवर चढल्या, ८५ जागेवर राहिल्या, ८ बीबीवर घसरल्या आणि २ बुडाल्या.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक गटाला त्याची स्वतःची ओळ लावायची. जागेवर राहिलेल्या ८५ मधून २ टक्क्यांनी १.७ बुडतात. घसरलेल्या ८ मधून १० टक्क्यांनी ०.८. ए वाल्या पाचांतून कोणी नाही. म्हणजे या वर्षी २.५ कंपन्या बुडाल्या आणि एकूण आकडा ४.५ झाला. हाच हिशेब बाकीच्या रकान्यांना लावला तर दुसऱ्या वर्षाअखेरीस एवर ८.८०, बीबीबीवर ७३.१३ आणि बीबीवर १३.५७ उरतात. बीबीचा आकडा बघा, ८ वरून साडेतेरावर गेला. बीबीबीमध्ये कंपन्या कमी झाल्या तरी धोका वाढतोय तो या गटामुळे.

तिसऱ्या वर्षी ७३.१३ चे २ टक्के म्हणजे १.४६, आणि १३.५७ चे १० टक्के म्हणजे १.३६. आधीच्या ४.५ मध्ये मिळवा: ७.३२. तुमच्या सहाच्या जागी सव्वासात टक्के.

याहून बोलकी गोष्ट ए वाल्या ओळीत आहे. तिथे वर्षाची शक्यता शून्य. शून्य गुणिले तीन शून्यच, पण याच पद्धतीने ए वाल्या बॉन्डचा तीन वर्षांचा आकडा ०.७८ येतो. ए वाली कंपनी या तक्त्यात थेट बुडत नाही, आधी घसरते आणि मग बुडते, आणि त्यासाठी वेळ लागतो. म्हणून बॉन्डची मुदत आधी बघा.

एक्सेलमध्ये हे कसं करायचं? आणि डीची ओळ अशी का? बुडालेली कंपनी सावरत नाही का? — एम.कॉम.ची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

तक्ता `B2:E5` मध्ये ०.९१, ०.०८ अशा दशांशांत भरा. दोन वर्षांचा तक्ता असा:

```
=MMULT(B2:E5,B2:E5)
```

जुन्या एक्सेलमध्ये आधी चार बाय चार जागा निवडून Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. आलेल्या तक्त्याला पुन्हा मूळ तक्त्याने गुणलं की तीन वर्षांचा मिळतो. प्रत्येक ओळीची बेरीज १ येते का, हे दर वेळी तपासा. येत नसेल तर बहुधा मूळ तक्ताच चुकीचा भरलाय.

कंपन्या सावरतात, त्यांना नवं रेटिंगही मिळतं. पण आपला प्रश्न 'तीन वर्षांत एकदा तरी थकवले का' असा आहे. एकदा थकवले की उत्तर ठरलं, म्हणून डीमधून परतीची वाट बंद ठेवतात. ती उघडी ठेवलीत तर सावरलेल्या कंपन्या आकड्यातून वजा होतील आणि धोका कमी दिसेल.

खऱ्या तक्त्यांत आणखी एक अडचण येते. काही कंपन्यांचं रेटिंग वर्षाच्या मध्येच काढून घेतलं जातं. त्यांना सरळ गाळून उरलेल्यांवर टक्के काढले, तर गाळलेल्याही बाकीच्यांसारख्याच होत्या असं आपण मानतो. त्यांत दुबळ्या कंपन्या जास्त असतील तर आपला आकडा कमी येणार.

२०१८ मध्ये आयएल अँड एफएस एएए होती आणि बघता बघता डी झाली. मग या तक्त्यावर विश्वास ठेवावा का? — बँक कर्मचारी, नांदेड

ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत एएए, म्हणजे सर्वांत वरचं रेटिंग, आणि सप्टेंबरमध्ये डी, हे खरं आहे. तक्ता सरासरी सांगतो. एएए वाल्या कंपन्यांत अशी घटना क्वचित घडते, एवढंच त्यातून कळतं. ती कोणत्या कंपनीत घडेल, हे त्यातून कळत नाही.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. एकच तक्ता दर वर्षी लावायच्या या पद्धतीला मार्कोव्ह साखळी म्हणतात. तिच्यात पुढचं वर्ष फक्त आजच्या रेटिंगवर ठरतं, कंपनी तिथे कशी पोचली याला किंमत नाही. प्रत्यक्षात नुकतीच एवरून घसरून बीबीबीवर आलेली कंपनी पुन्हा घसरण्याची शक्यता वर्षानुवर्षं बीबीबीवर असलेल्या कंपनीपेक्षा जास्त असते. अभ्यासांत हे वारंवार दिसलंय. शिवाय मंदीच्या वर्षात सगळ्याच ओळी खाली सरकतात. म्हणून बॉन्ड घेण्याआधी एजन्सीच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या रेटिंगचा इतिहास उघडा. गेल्या वर्षभरात घसरण दिसली किंवा 'निगेटिव्ह' शेरा असेल, तर तिला बीबीबीची ओळ लावू नका. मी तरी एक पायरी खालची लावून बघेन. आपल्या तक्त्यात बीबीचं एका वर्षाचंच १० टक्के आहे.

सरकारी रोख्यापेक्षा अडीच टक्के जास्त व्याज मिळतंय. पुरेसं आहे का? — आडत व्यापारी, जालना

वरचाच तीन वर्षांचा बीबीबी बॉन्ड धरू. थकवल्यावर सगळंच जात नाही. शंभरातले ४० परत आले असं धरलं, तर नुकसान ६० टक्के. ७.३२ चे ६० टक्के म्हणजे ४.३९, वर्षाला साधारण दीड टक्का. अडीचमधून दीड सरासरी नुकसानीत गेलं, उरला एक. मध्येच पैशांची गरज पडली तर बॉन्ड विकायला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, त्या जोखमीचा मोबदलाही याच एका टक्क्यातून. वसुली ४० ऐवजी २० धरलीत तर वर्षाला जवळपास दोन टक्के जातात आणि हातात अर्धाच उरतो.

आणि ही सरासरी शंभर बॉन्ड घेणाऱ्याला लागू होते. तुमच्याकडे एकच असेल तर एक तर काहीच जाणार नाही, नाहीतर मोठी रक्कम जाईल. एकाच बॉन्डसाठी या भावात मी पैसे घालणार नाही.

आमच्या गावातली पतसंस्था बारा टक्के देते. तिच्या ठेवीची शक्यता अशीच काढून द्याल का? — गृहिणी, बीड

ताई, काढता येणार नाही. हा तक्ता रेटिंग एजन्सीने वर्षानुवर्षं नोंद ठेवलेल्या कंपन्यांवरून बनतो. तुमच्या पतसंस्थेला रेटिंग नसेल तर तिला लावायला ओळच नाही, आणि अंदाजाने बीबीबी धरून काढलेला आकडा खोटा दिलासा देईल. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल आणि थकीत कर्जाचं प्रमाण मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर ठेव काढून घ्या.