लेखकांकडून पैसे घ्यायचं ठरलं, आता संपादक मंडळ सोडायचं आहे

प्रश्न : मी धुळ्यातल्या एका त्रैमासिकाच्या संपादक मंडळावर आहे. पुढच्या अंकापासून लेख छापण्यासाठी लेखकाकडून पैसे घ्यायचं ठरलंय. मला ते पटत नाही. कटुता न आणता राजीनामा कसा द्यावा?

उत्तर : याच कारणावरून मी जळगाव जिल्ह्यातल्या एका त्रैमासिकाचं मंडळ सोडलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे स्वीकारलेल्या लेखामागे दीड हजार रुपये 'सहयोग' घ्यायचा, असं ठरलं. प्रकाशकांची अडचण खरी होती. कागद आणि टपाल महागलं होतं आणि वर्गणीदार कमी होत चालले होते. माझा आक्षेप वेगळा होता. लेख घेतला तरच पैसे येणार असतील, तर लेख नाकारला की अंकाचं नुकसान होतं. मग संपादक कितीही सरळ असला तरी 'नको' म्हणताना त्याचा हात अडखळतो. शिवाय पैसे भरून लेख छापून घेणाऱ्या लेखकाला 'हा भाग काढा' असं सांगायचं कोणत्या तोंडानं?

तुमच्या त्रैमासिकात प्राध्यापक लिहीत असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. यूजीसीनं २०१८ मध्ये जाहीर केलेली दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिक बरं की वाईट हे आता ज्यानं त्यानं पारखायचं आहे, आणि पारखणारा आधी मंडळावर नावं कोणाची आहेत ते पाहतो. त्यामुळे राजीनामा तोंडी देऊन चालत नाही. नाव छापलं जात राहिलं, तर तुमची संमती आहे असंच लोक धरतात.

पहिलं काम पत्र लिहिण्याचं नाही. निर्णय झाला त्या बैठकीच्या इतिवृत्तात तुमची असहमती नोंदली आहे का, ते बघा. नसेल तर दोन ओळींची मेल करून नोंदवायला सांगा आणि नवं धोरण लेखी मागवा. आमच्या बैठकीत 'सहयोग ऐच्छिक' असं बोललं गेलं होतं, पण लेखी आलं तेव्हा 'ऐच्छिक' हा शब्द त्यात नव्हता. लेखी हातात नसताना राजीनामा दिला असता, तर 'तसं काही ठरलंच नव्हतं' हे ऐकावं लागलं असतं.

दुसरं काम मला राजीनाम्याहूनही महत्त्वाचं वाटतं: तुमच्या टेबलावरचे लेख. माझ्याकडे पारोळ्याकडच्या एका शिक्षिकेचा कानबाईच्या गाण्यांवरचा लेख होता. धोरण बदलायच्या आधीच मी त्यांना 'लेख स्वीकारला' असं कळवलं होतं. आता त्यांच्याकडून पैसे मागायचे का? मी एका कागदावर माझ्याकडच्या सगळ्या लेखांची यादी केली. कोणता स्वीकारला, कोणता दुरुस्तीसाठी परत गेला आणि कोणता अजून वाचायचा आहे, हे प्रत्येकापुढे लिहिलं. आधी स्वीकारलेल्यांना नवं धोरण लागू नाही, असं प्रकाशकांकडून लेखी घेतलं आणि मगच पत्र दिलं. अर्धवट लेख हातात ठेवून निघालो असतो, तर त्रास प्रकाशकांना नाही, लेखकांना झाला असता. लेख मंडळाबाहेरच्या कोणाकडून तपासून घेतला असेल, तर त्या व्यक्तीचं नाव लेखकाला सांगू नका. मंडळ सोडलं तरी ते गुपितच राहिलं पाहिजे.

पत्र एका पानापेक्षा मोठं नको. माझं साधारण असं होतं:

'सप्रेम नमस्कार. जानेवारीच्या अंकापासून स्वीकृत लेखामागे लेखकाकडून दीड हजार रुपये घेण्याचे ठरले आहे. लेखाची निवड आणि पैसा एकमेकांपासून दूर असावेत, असे माझे मत मी बैठकीत मांडले होते. या धोरणाखाली निवडीची जबाबदारी मला घेता येणार नाही, म्हणून मी संपादक मंडळाचा राजीनामा देत आहे. दिवाळी अंकाचे माझ्याकडील काम पूर्ण करून देईन. हाती असलेल्या लेखांची यादी सोबत जोडली आहे. जानेवारीच्या अंकापासून नामावलीतून माझे नाव वगळावे. आजवर मिळालेल्या मोकळेपणाबद्दल आभार.'

यात धोरणाबद्दल एक वाक्य आहे, माझ्या मताबद्दल एक, आणि बाकी सगळं कामाचं. कोणाच्या हेतूबद्दल अक्षर नाही. 'तुम्ही पैशांसाठी हे करत आहात' असं एक वाक्य जरी गेलं असतं, तरी चर्चा धोरणावरून उठून माणसावर आली असती. जुनी गाऱ्हाणीही या पत्रात आणू नका. मुद्रितशोधन नीट होत नव्हतं, मानधन थकलं होतं, हे सगळं खरं असलं तरी इथे आलं की राजीनाम्याचं कारण पुसट होतं.

पत्र देताच प्रकाशकांचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. ते म्हणाले, "भाऊ, तब्येतीचं कारण लिहून दे ना, तुझंही बरं आणि आमचंही." मी म्हणालो, "नाना, तब्येत चांगली आहे. लिहिलंय ते राहू द्या, बाहेर मी तुमच्याविरुद्ध बोलणार नाही." ते थोडे नाराज झाले, पण पत्र घेतलं. वैयक्तिक कारण लिहिणं सोपं वाटतं, पण त्यानं मंडळावर मागे राहिलेले आणि तुमच्यासारखंच वाटणारे लोक एकटे पडतात. आणि उद्या दुसऱ्या मासिकावर तुमचं नाव दिसलं, की ते कारण खोटं ठरतं.

कारण स्पष्ट सांगूनही मर्यादा पाळता येते, याचं एक चांगलं उदाहरण २०१५ चं आहे. 'लिंग्वा' या भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या सगळ्या संपादकांनी आणि मंडळानं प्रकाशकाशी धोरणावरून मतभेद झाल्यामुळे राजीनामे दिले. लेख सर्वांना खुले असावेत ही त्यांची मागणी होती आणि ती त्यांनी उघड सांगितली. पुढे त्यांनीच 'ग्लोसा' हे नवं नियतकालिक काढलं.

आपल्याकडे अडचण वेगळी असते. धुळे-जळगाव-अमळनेरचं साहित्यवर्तुळ लहान. त्याच माणसांची लग्नात, व्याख्यानमालेत, काव्यसंमेलनात गाठ पडणार आणि कोणीतरी "काय व्हयनं भाऊ?" असं विचारणारच. उत्तर एकच ठेवा आणि पत्रातलंच ठेवा: "पैसे घेऊन छापायचं ठरलं, मला पटलं नाही, म्हणून सोडलं." व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्र टाकू नका. ज्यांचे लेख तुमच्याकडे होते, त्यांना मात्र वेगवेगळं कळवा की तुम्ही आता मंडळावर नाही आणि त्यांचा लेख कोणाकडे सोपवला आहे.

तुम्ही नुसते सदस्य असाल, तर प्रकाशकांना पत्र देऊन पोच घेणं पुरे. पण त्रैमासिकाच्या सरकारी नोंदणीत संपादक म्हणून तुमचंच नाव असेल, तर तेवढ्यावर सुटका नाही. नव्या संपादकाचं नाव नोंदवून घेण्याचं काम प्रकाशकाला करावं लागतं. ते कधी करणार, हे पत्रातच विचारा.

शेवटी छपाईची तारीख. बऱ्याच ठिकाणी मुखपृष्ठ आणि त्याच्या आतलं नामावलीचं पान आतल्या मजकुराच्या आधी छापून तयार असतं. म्हणून पत्र देण्यापूर्वी अक्षरजुळणी करणाऱ्याला फोन करून ते पान कधी जातंय ते विचारा. तरीही पुढच्या अंकात नाव राहिलंच, तर ओरडू नका. त्या पानाचा फोटो जोडून मेल करा आणि त्यानंतरच्या अंकात दुरुस्तीची एक ओळ छापायला सांगा.